स्कूटरचं गिअर ऑइल: नवं टाकण्याआधी जुनं मोजा

बिनगिअरच्या स्कूटरमध्ये दोन वेगवेगळी ऑइलं असतात. इंजिन ऑइल सगळ्यांना माहीत असतं, कारण दर सर्व्हिसिंगला त्याचे पैसे द्यावे लागतात. दुसरं असतं गिअर ऑइल. त्याचं नाव बिलावर कधी असतं, कधी नसतं, आणि असलं तरी ते खरंच बदललं की नुसतं लिहिलं हे गाडीमालकाला कळायला मार्ग नसतो. जळगाव, धुळे, नंदुरबारकडे स्कूटर म्हणजे फक्त कॉलेजला जायचं वाहन नाही. दुधाचे कॅन, खताची गोणी, शेतमजुराचा डबा आणि मागे डबलसीट, असं सगळं एकाच गाडीवर चालतं. त्यामुळे हे दुसरं ऑइल किती, कोणतं आणि कधी बदलायचं, हे नीट समजून घेतलेलं बरं. घरी करता येण्याजोगं काम आहे. त्यात माझा आग्रह एकाच गोष्टीचा राहील: जुनं ऑइल नुसतं सांडून देऊ नका, ते मोजा.

आधी ते असतं कुठे ते पाहू. इंजिनची ताकद पुढच्या पुलीवरून बेल्टने मागच्या पुलीवर जाते, तिथून क्लचमधून एका शाफ्टवर. हा शाफ्ट मागच्या चाकाजवळच्या एका लहान बंद डबीत शिरतो. त्या डबीत दातेरी चक्रांच्या दोन जोड्या असतात. त्या वेग कमी करतात आणि जोर वाढवून चाकाच्या एक्सलला देतात. गिअर ऑइल फक्त या डबीत असतं. बेल्ट, पुल्या आणि क्लच हा सगळा भाग कोरडा असतो आणि कोरडाच राहायला हवा. नाव ‘ऑटोमॅटिक’ असलं तरी मोटारीच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये घालतात ते लाल तेल इथे चालत नाही. स्पेअर पार्ट्सच्या दुकानात काउंटरवर कोणी ते पुढे केलं तर सरळ परत करा.

आता प्रमाण. बहुतेक ११० ते १२५ सीसी स्कूटरांत हे ऑइल १०० ते १२० मिलीच्या आसपास बसतं. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीत मावेल एवढंच. नेमका आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतो आणि तिथे बऱ्याचदा दोन आकडे दिसतात. एक ऑइल नुसतं काढून बदलताना किती टाकायचं त्याचा, दुसरा गिअरबॉक्स पूर्ण उघडून जोडल्यावर किती टाकायचं त्याचा. दुसरा आकडा साधारण २० मिलीने जास्त असतो, कारण नुसता बोल्ट काढला तर थोडं ऑइल बेअरिंगांत आणि भिंतींना चिकटून आतच राहतं. आपल्या कामाचा पहिला आकडा. दुसरा वाचून तेवढं ओतलं तर ऑइल जास्त होतं.

प्रमाण इतकं कमी असल्याचा अर्थ नीट लक्षात घ्या. इंजिनमधलं ५० मिली कमी झालं तर इंजिनला फारसा फरक पडत नाही. इथे ५० मिली गेलं म्हणजे जवळजवळ निम्मं गेलं. या डबीत ऑइल फिरवणारा पंप नसतो. खालचं चक्र ऑइलमध्ये बुडून फिरतं आणि वरच्यांवर शिंतोडे उडवतं, तेवढंच. पातळी खाली गेली की शिंतोडे कमी, आणि वरच्या शाफ्टचं बेअरिंग सगळ्यात आधी कोरडं पडतं. डॅशबोर्डवर यासाठी कुठलाही दिवा नाही. उलट बाजूने पाहिलं तर जास्त ऑइलही तितकंच वाईट. गरम झाल्यावर ते फुगतं, दाब वाढतो आणि ते हवेच्या नळीतून किंवा सीलमधून वाट काढतं. एक सील क्लचच्या बाजूला असतं, दुसरं मागच्या ड्रम ब्रेकच्या बाजूला. पहिल्यातून गळलं तर क्लच घसरतो. दुसऱ्यातून गळलं तर ब्रेक लागत नाही.

ग्रेडचा गोंधळ

खान्देशात ज्याच्या घरी ट्रॅक्टर आहे त्याच्याकडे ‘नव्वद नंबर’ ऑइलचा कॅन असतोच. गिअर ऑइल म्हणजे नव्वद नंबर, हे डोक्यात पक्कं बसलेलं असल्यामुळे तेच शंभर मिली स्कूटरमध्ये जातं. काही स्कूटरांना ते जवळपास बरोबर बसतंही. व्हेस्पाच्या मागच्या हबला ८०डब्ल्यू-९० सांगितलेलं असतं. पण होंडाच्या अ‍ॅक्टिव्हासारख्या स्कूटरांना कंपनी गिअरबॉक्समध्येही १०डब्ल्यू-३०, म्हणजे इंजिनला चालतं त्याच ग्रेडचं ऑइल सांगते. बाजारात ‘स्कूटर गिअर ऑइल’ म्हणून १२० मिलीच्या छोट्या बाटल्या मिळतात. त्यांवरही दोन्ही प्रकारचे ग्रेड छापलेले आढळतील. म्हणून बाटलीवर ‘गिअर’ लिहिलंय एवढ्यावर जाऊ नका, आकडे बघा.

हे आकडे मोजायच्या पट्ट्या दोन आहेत. इंजिन ऑइलची वेगळी, गिअर ऑइलची वेगळी. त्यामुळे ९० म्हणजे ३०च्या तिप्पट घट्ट असं नसतं. १०० अंश तापमानाला मोजलं तर गिअर पट्टीवरचं ९० हे साधारण इंजिन पट्टीवरच्या ४० ते ५०च्या जवळ येतं. म्हणजे ३०ची गरज असलेल्या डबीत ते घातलं तर लगेच काही मोडत नाही, पण गाडी जड चालते. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा दहाच्या खाली गेला की हा जडपणा आणखी जाणवतो. शिवाय लहान चक्रांच्या फटीत आणि बेअरिंगात घट्ट ऑइल तितक्या पटकन पोहोचत नाही.

यावर उलटा प्रश्न हमखास येतो. मे महिन्यात भुसावळला ४५ अंश असताना ३०चं पातळ ऑइल टिकेल कसं? टिकतं. ऑइलचा दुसरा आकडा १०० अंशांवर मोजलेला असतो आणि गाडी चालताना गिअरबॉक्स एरवीही बाहेरच्या हवेपेक्षा बराच गरम होतो. कंपनीने ग्रेड ठरवताना हा उन्हाळा धरलेला असतो. मॅन्युअलमध्ये तापमानाप्रमाणे दुसऱ्या ग्रेडची मुभा दिली असेल तर ती जरूर घ्या, पण स्वतःच्या अंदाजाने घट्ट ऑइल घालू नका. उन्हाळ्याचा उपाय करायचाच तर ऑइल वेळेवर बदला.

इंजिन ऑइलच्या बाटलीवर एमए किंवा एमबी अशी अक्षरं असतात. ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचला ते ऑइल चालतं की नाही, हे ती सांगतात. स्कूटरचा क्लच कोरडा, तोही या डबीच्या बाहेर, म्हणून गिअरबॉक्सपुरता या अक्षरांनी फरक पडत नाही. कंपनीने १०डब्ल्यू-३० सांगितलेलं असेल आणि इंजिन ऑइलच्या नुकत्याच उघडलेल्या, झाकण घट्ट लावून ठेवलेल्या बाटलीतलं थोडं उरलेलं असेल, तर ते खुशाल वापरा. तोंड उघडं ठेवून वर्षभर गोठ्यात पडलेलं मात्र नको. त्यात धूळ आणि ओल दोन्ही गेलेली असतात.

कधी बदलायचं

दर इंजिन ऑइलबरोबर बदलायची गरज नाही आणि ‘लाइफटाइम असतं’ हेही खरं नाही. नव्या गाडीत चक्रांचे दात एकमेकांवर बसताना बारीक धातू झिजून ऑइलमध्ये येतो, म्हणून पहिला बदल लवकर केलेला चांगला. त्यानंतर मी दहा ते बारा हजार किलोमीटर किंवा दोन वर्षं, जे आधी होईल ते धरतो. मॅन्युअलमध्ये याहून कमी अंतर दिलं असेल तर ते पाळा. रोज वजन ओढणारी गाडी असेल तर मी आठ हजारांवर येतो. गाडी घरासमोर उभी राहून वर्षाला दोन हजारच चालत असली तरी दोन वर्षांची अट सोडत नाही, कारण हवेच्या नळीतून ओल आत येतच असते.

एक अपवाद मात्र किलोमीटर बघत नाही. पावसाळ्यात फरशी पुलावरून पाणी वाहत असताना गाडी घातली आणि पाणी एक्सलच्या वर आलं, तर ऑइल लगेच तपासा. गरम गिअरबॉक्स अचानक थंड पाण्यात बुडला की आतली हवा आकसते आणि हवेच्या नळीतून किंवा सीलच्या कडेने पाणी आत ओढलं जातं. वॉशिंग सेंटरवर फवारा जवळून त्या नळीवर धरला तरी हेच होतं. पाणी गेलेलं ऑइल दुधाळ, चहाच्या रंगाचं दिसतं. ते काढून नवं टाका, पन्नास-शंभर किलोमीटर चालवा आणि पुन्हा काढून बघा. दुसऱ्या वेळीही दुधाळ निघालं तर आणखी एकदा. एवढ्याशा ऑइलचा खर्च बेअरिंगापुढे काहीच नाही.

प्रत्यक्ष काम

सामान फार लागत नाही. बोल्टाच्या मापाचा रिंग पाना, बऱ्याच गाड्यांना १२ नंबरचा लागतो. मेडिकलमधून ५० मिलीची सिरिंज आणि तिला बसेल अशी वीतभर नळी. मिलीच्या खुणा असलेलं भांडं. लहान बाळाची जुनी दुधाची बाटली सगळ्यात सोयीची, फक्त नंतर ती याच कामाला ठेवायची. बोल्टांचे नवे वॉशर, थोडं रॉकेल किंवा डिझेल आणि चिंध्या.

गाडी चार-पाच किलोमीटर चालवून आणा, म्हणजे ऑइल पातळ होईल आणि तळाला बसलेला गाळ त्याच्यात मिसळेल. मग सपाट जागी मेन स्टँडवर लावा, इंजिन बंद करा आणि सायलेन्सर निवू द्या. साइड स्टँडवर हे काम करू नका, गाडी कलल्यामुळे पातळी चुकीची दिसते. डाव्या बाजूला, बेल्टच्या लांब कव्हरच्या मागे, चाकाजवळच्या डबीवर दोन बोल्ट शोधा. वरचा ऑइल टाकायचा आणि पातळी बघायचा, तळाचा ऑइल काढायचा. काही गाड्यांत वरच्या बोल्टाच्या जागी काडी असलेलं झाकण असतं. इंजिन ऑइलचा बोल्ट पुढे, इंजिनच्या खाली असतो. घाईत तोच उघडला गेल्याचं मी गॅरेजमध्येही पाहिलंय.

पाना लावण्याआधी दोन्ही बोल्टांभोवतीचा भाग रॉकेलच्या चिंधीने स्वच्छ पुसा. आपल्याकडची काळी माती चिखल होऊन तिथे बसते, वाळली की दगड होते, आणि बोल्ट निघताच तिचा चुरा सरळ आत पडतो.

आधी वरचा बोल्ट सोडवा. हा क्रम महत्त्वाचा आहे. वरचा बोल्ट गंजून अडकलेला असेल आणि तुम्ही आधी खालचा काढून बसलात, तर ऑइल गेलं आणि नवं घालायला तोंड नाही, अशी पंचाईत होते. वरचा सुटला की खाली भांडं धरून तळाचा काढा. पहिली धार संपली की चाक हाताने हळूहळू फिरवा, म्हणजे चक्रांत अडकलेलं खाली येईल. दहा मिनिटं थांबा. थेंब तुटायला लागले की झालं.

आता भांड्यावरचा आकडा वाचा आणि लिहून ठेवा. मॅन्युअलमधला बदलायचा आकडा १२० असेल आणि ११० ते १२० मिली निघालं, तर सील ठीक आहेत. काळं दिसलं तरी घाबरायचं कारण नाही. ऐंशीच्या खाली निघालं तर ऑइल कुठेतरी गेलं आहे, किंवा मागच्या वेळी कमी टाकलं होतं. १४०-१५० निघालं तर कुणीतरी जास्त टाकलं आहे किंवा पाणी शिरलं आहे. रंग बघितला की यातलं कोणतं ते कळतं. मग थोडं ऑइल बोटांवर घेऊन उन्हात तिरपं धरा. चंदेरी झाक दिसणं साधं आहे, ती रोजची झीज. बोटाला टोचणारे कण किंवा नखाच्या कापासारखे तुकडे सापडले तर दात किंवा बेअरिंग तुटायला लागलं आहे. तिथे नवं ऑइल घालून भागणार नाही, गिअरबॉक्स उघडावाच लागेल.

तळाचा बोल्ट नव्या वॉशरसह बसवा. आधी बोटांनी पूर्ण फिरवा आणि मगच पाना लावा. डबी अ‍ॅल्युमिनियमची असते, बोल्ट लोखंडी. होंडाच्या स्कूटरांना या बोल्टांचा टॉर्क १३ न्यूटन-मीटरच्या आसपास सांगितलेला असतो, म्हणजे फारच कमी. टॉर्क पाना नसेल तर साधा पाना बोल्टाच्या जवळ मुठीत धरा आणि मनगटाच्या जोरावर आवळा. पान्याला पाइप लावून आवळलं की आटे जातात, आणि मग शंभर मिली ऑइलचं काम लेथवाल्याकडे जातं.

सिरिंजने नवं ऑइल वरच्या भोकातून मोजून टाका. पातळी बोल्टाने बघायची असेल तर ऑइल भोकाच्या खालच्या कडेला टेकलं पाहिजे. काठावरून बारीक ओघळ आला की थांबा. काडी असेल तर तिच्यावरच्या खुणेप्रमाणे. मोजलेलं प्रमाण आणि पातळी साधारण जुळायला हवी. ८० मिलीतच ओघळ यायला लागला तर बहुधा गाडी कललेली आहे किंवा जुनं पुरतं निघालेलं नाही. बाकीचं कोंबू नका, आधी कारण शोधा. वरचा बोल्ट आवळा, टायर आणि ब्रेक ड्रमच्या बाजूला सांडलेला थेंब न थेंब पुसून काढा. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीखाली आणि बोल्टांच्या कडेला बघा. जुनं ऑइल नालीत किंवा बांधावर ओतू नका. गॅरेजच्या ड्रममध्ये द्या, ते गोळा करून नेणारे असतात.

आकड्याने काय सांगितलं

माझा शालक अमळनेरजवळच्या खेड्यातून रोज दूध घालायला येतो. त्याची ११० सीसीची स्कूटर एकतीस हजार किलोमीटर चाललेली. तक्रार दोन. चाळीसच्या पुढे गेलं की मागून ‘हूंऽऽ’ असा आवाज, आणि मागचा ब्रेक अलीकडे ढिला. एका गॅरेजने दोन्ही बेअरिंगं बदलायला सांगितली होती. मी गिअर ऑइल कधी बदललं विचारल्यावर तो म्हणाला, ‘‘दाजी, ऑइल ते आत्तेच बदलं ना.’’ बदललं होतं ते इंजिनचं.

आधी काही न उघडता तपासलं. मेन स्टँडवर, इंजिन बंद ठेवून मागचं चाक हाताने फिरवलं. इंजिन बंद असलं की क्लच सुटलेला असतो, त्यामुळे चाकाबरोबर फक्त ही चक्रं फिरतात, बेल्ट फिरत नाही. बेअरिंग गेलं असेल तर खरखर कानाला आणि हाताला दोन्हीकडे कळते. इथे खरखर नव्हती. चाक वर-खाली धरून हलवलं तर खेळही नव्हता. आवाज गाडीच्या वेगाबरोबर वाढायचा. जागेवर उभं राहून थोडी रेस दिली तर येत नव्हता. म्हणजे तो पुढच्या पुलीचा नव्हता, मागच्या डबीचाच होता.

ऑइल काढलं. भांड्यात ६५ मिली. राखाडी काळं, पण कण नाहीत आणि दुधाळही नाही. मॅन्युअलप्रमाणे १२० हवं होतं, म्हणजे पंचावन्न मिली गायब. गाडीखाली कधी डाग पडलेला त्याला आठवत नव्हता. ब्रेकची तक्रार लक्षात घेऊन सायलेन्सर उतरवला, चाक काढलं आणि ड्रममध्ये उत्तर मिळालं. एक्सलच्या सीलची कड कडक झालेली, त्यातून झिरपलेलं ऑइल ब्रेकच्या धुळीत मिसळून काळा लगदा झालेला, ब्रेक शू चिकट. ऑइल जमिनीवर पडलंच नाही, म्हणून कुणाला दिसलं नाही.

नवं सील टाकलं, ड्रम पेट्रोलने धुऊन कोरडा केला आणि ब्रेक शू बदलले. ऑइल प्यायलेले शू घासून, धुऊन परत लावायचा सल्ला बरेच देतात. मी देत नाही. ब्रेक तापला की मुरलेलं ऑइल पुन्हा वर येतं. मग १०डब्ल्यू-३० मोजून भरलं. बेअरिंगांना हात लावला नाही.

ब्रेक पहिल्यासारखा झाला. आवाज बराच खाली आला, पण पूर्ण गेला नाही. पन्नासच्या पुढे बारीक ‘हूं’ अजून आहे. निम्म्या ऑइलवर चालून दातांची जी झीज झाली ती नवं ऑइल भरून काढू शकत नाही. हा आवाज वाढला, किंवा हाताने फिरवताना खरखर आली, तरच गिअरबॉक्स उघडायचा असं त्याला सांगितलं आहे. तोवर दर दुसऱ्या इंजिन ऑइलला तो वरचा बोल्ट सोडून पातळी बघतो. सील बदलल्यावर पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ऑइल भोकाच्या काठाला होतं, आणि ड्रमच्या कडेला बोट फिरवलं तर बोटाला फक्त कोरडी धूळ लागली.